गुरुवारी पाचला

३ जून २०२५, मंगळवार. जळगावात केळीच्या टिश्यूकल्चर रोपांची एजन्सी आहे, तिथे मी हिशेब आणि बुकिंग बघते. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत फोनवर माझा भाचा बसला होता. बारावीची परीक्षा देऊन आला होता, इंग्रजी माध्यमाचा, अक्षर सुंदर, कामाला चोख. चोपडा तालुक्यातल्या एका आप्पांचा फोन आला आणि त्याने ऑर्डर लिहून घेतली. फोन जेमतेम दीड मिनिटाचा होता. त्या दीड मिनिटात दर चुकला, वेळ चुकली आणि मोबाइल नंबरही चुकला. दोघांना ऐकायला व्यवस्थित येत होतं, दोघे मन लावून बोलत होते आणि भाच्याने प्रत्येक गोष्ट परत म्हणून दाखवली होती. तरीही असं झालं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

एजन्सीच्या फोनमध्ये कॉल आपोआप रेकॉर्ड होतात. आठवडाभराने आप्पा हिशेबाला आले तेव्हा आम्ही तिघांनी तो कॉल एकत्र बसून ऐकला. आप्पा निम्मी अहिराणी, निम्मी मराठी बोलतात. नंबराचे पहिले सहा आकडे गाळून बोलणं असं होतं :

आप्पा : लिखी ले भाऊ. मृग बागनी तीन हजार रोपं. भाव शेठनी सांगेल शे, पावणेसोळा.
भाचा : पावणेसोळा. लिहिलं.
आप्पा : गुरुवारी पाचला गाडी पाठव.
भाचा : गुरुवारी पाचला, ठीक आहे. तुमचा नंबर सांगा.
आप्पा : हाऊ फोन पुतण्याना शे, मना नंबर ले. … दोन सात, एकोणऐंशी.
भाचा : … दोन सात, एकोणऐंशी. बरोबर?
आप्पा : हां, बराबर शे.

वहीत उतरलं ते असं : ३००० रोपे, दर १६.७५, गुरुवार सायं. ५ वा., मोबाइलचे शेवटचे चार आकडे २७७९. आप्पांच्या मनात होतं ते असं : दर १५.७५, गुरुवार तारीख ५, गाडी सकाळी, आणि शेवटचे चार आकडे ७७७९.

गुरुवारी आप्पांच्या शेतात सकाळी सातला दहा मजूर हजर होते. वाफे तयार, ठिबकच्या नळ्या अंथरलेल्या, रात्रीच जमीन भिजवून घेतलेली. आमची आयशर मात्र दुपारी तीनला भरली. जूनच्या पहिल्या आठवड्यातलं आपल्याकडचं ऊन, ताडपत्रीखाली कॅरेटमधली पिशवीतली रोपं. तापी ओलांडून ड्रायव्हर पाचच्या सुमारास गावच्या फाट्यावर पोचला आणि त्याने वहीतल्या नंबरवर फोन लावला. एका अनोळखी बाईंनी उचलला. तीन वेळा लावला, तिन्ही वेळा त्याच बाई. तिसऱ्यांदा त्या रागावल्या. शेवटी साडेसहाला भाच्याला आठवलं की आप्पांचा फोन पुतण्याच्या मोबाइलवरून आला होता. तो नंबर कॉलच्या यादीत सापडला, तेव्हा कुठे गाडी शेतावर गेली. मजूर केव्हाच घरी गेले होते. दिवसभर बसून राहिलेल्यांची मजुरी आप्पांनी दिली, लागवड दुसऱ्या दिवशी झाली, पाठीमागच्या कॅरेटमधली रोपं माना टाकून होती. त्यावर ड्रायव्हरने पन्नास हजार दोनशे पन्नासची पावती पुढे केली. आप्पांच्या डोक्यात सत्तेचाळीस हजार दोनशे पन्नास होते. तीन हजारांचा फरक. आप्पांना वाटलं की शेठने शब्द फिरवला. ते मला सगळ्यांत जास्त लागलं.

आधी नंबराचं पाहू. आपल्याकडे दहा आकडी मोबाइल नंबर बहुतेक जण दोन-दोनच्या जोड्यांनी सांगतात. बोलणाऱ्याला ते सोपं जातं, पाचच शब्द लक्षात ठेवायचे. अडचण लिहिणाऱ्याच्या हाताला होते. मराठीत एकवीसपासून पुढे एकक आधी बोललं जातं आणि दशक नंतर. सत्तावन्न म्हणताना सात आधी कानावर येतो, पण कागदावर आधी पाच लिहायचा असतो. म्हणजे पूर्ण शब्द ऐकून होईपर्यंत हात थांबवायचा आणि मग उलट क्रमाने लिहायचं. एकोणवाल्या संख्यांत तर जो दशक कानावर पडतो तो लिहायचाच नसतो. एकोणऐंशी ऐकल्यावर कानात ऐंशी राहते, नऊही डोक्यात असतो आणि घाईत ८९ लिहिलं जातं. भाच्याने ७९ बरोबर लिहिलं, पण मागच्या हंगामाची बुकिंगची वही चाळली तेव्हा खोडून दुरुस्त केलेले नंबर मला बहुतेक एकोण असलेल्या जागीच सापडले. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पन्नास दोन' अशी संख्यावाचनाची पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला होता. बावन्न, त्रेपन्न हे शब्द जावेत असं मला मुळीच वाटत नाही. पण त्या बदलामागची अडचण खरी आहे, आणि फोनवर ती दुप्पट होते, कारण समोरच्याच्या कागदावर काय उमटतंय ते आपल्याला दिसत नाही.

सत्तावन्न आणि सत्त्याण्णव, अठ्ठावन्न आणि अठ्ठ्याण्णव यांची सुरुवात जवळपास एकच आहे. फरक शेपटीत आहे, आणि फोनवर बोलताना शब्दाची शेपटीच आधी विरते.

आता भाच्याची चूक. 'दोन सात' याचे दोन अर्थ होतात : आधी दोन मग सात, म्हणजे २७, किंवा सात दोनदा, म्हणजे ७७. आप्पांना दुसरा अभिप्रेत होता. 'तीन शून्य' याच जातीचं आहे, ३० किंवा ०००. पण तिथे निदान आकडे मोजून चूक पकडता येते. ००० च्या जागी ३० लिहिलं तर दहाऐवजी नऊच आकडे भरतात आणि लिहिणारा थबकतो. 'दोन सात' मध्ये ही सोयही नाही. २७ लिहा की ७७, आकडे दहाच भरतात. जोडीत अर्थ बदलूनही लांबी तीच राहते असा प्रकार फक्त 'दोन' ने सुरू होणाऱ्या बोलीत घडतो. 'चार नऊ' म्हणजे ४९ की ९९९९ हे मोजून कळतं, 'दोन नऊ' चं कळत नाही. म्हणून आमच्या टेबलावर आता नियम आहे : एकच आकडा दोनदा आला तर 'दोन' हा शब्द वापरायचा नाही. 'सात, सात' असं दोनदा म्हणायचं, किंवा 'डबल सात'. तीनदा आला तर तीनदाच म्हणायचं.

जोड्या सोडून आम्ही एकेका आकड्यावर आलो, पाच आकडे, थांबा, मग पुढचे पाच. पाच एका दमात जड जात असतील तर तीन आणि दोन. थांबा हा श्वासापुरता नसतो, समोरचा 'हं' म्हणेपर्यंतचा असतो. एकेक आकडा म्हटलं की शंभर शब्दांऐवजी दहाच शब्द उरतात, शून्यापासून नऊपर्यंत. साठ जातो, दहा जातो, त्यामुळे सात-साठ आणि सहा-दहा हे घोटाळे मुळातच संपतात. एक जोडी तरीही उरते : सात आणि आठ. दोन्हींत आ ठळक, आणि त्यांना वेगळं करणारा 'स' फोनला नीट पेलत नाही. साधा फोन आवाजाचा सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पोचवतो, आणि 'स' ची सिसकारी बरीचशी त्याच्या वर असते. नव्या फोर जी कॉलवर आवाज अधिक भरीव येतो, पण शेतात ट्रॅक्टर चालू असेल आणि वारा सुटला असेल तर 'सात' चा 'आत' च ऐकू येतो. त्यासाठी आम्ही 'सात, सेव्हन' आणि 'आठ, एट' असं दोन्ही भाषांत म्हणतो. बाकीचे आकडे मराठीतच. इंग्रजीत उलट फाइव्ह आणि नाइन एकमेकांत मिसळतात, म्हणून विमानवाले रेडिओवर नऊला 'नायनर' म्हणतात. आपल्या पाच आणि नऊला तशी काही डागडुजी लागत नाही. आमच्या एका म्हाताऱ्या ग्राहकांना सेव्हन जमत नाही, ते म्हणतात 'सात, सहाच्या पुढचा'. तेही तितकंच पक्कं आहे.

दराची चूक वेगळ्या वाटेने झाली. भाच्याला मी विचारलं, पावणेसोळाचे १६.७५ कसे केलेस? तो म्हणाला, "मावशी, पाऊण म्हणजे पंच्याहत्तर पैसे ना? मग सोळा आणि पाऊण." त्याचं तर्कशास्त्र चुकीचं नव्हतं. पाऊण म्हणजे पाऊणच. सव्वासोळा म्हणजे सोळा अधिक पाव, साडेसोळा म्हणजे सोळा अधिक अर्धा, मग पावणेसोळा सोळा अधिक पाऊण का नाही? सव्वा आणि साडे पुढच्या संख्येत भर घालतात आणि पावणे त्यातून पाव काढतं, हे ज्याच्या घरात घड्याळ मराठीत वाचलं जातं त्याला कुणी शिकवावं लागत नाही. ज्याने घड्याळ 'क्वार्टर टू' असं वाचलं, त्याने अंदाज बांधला. मोठ्या रकमांत हेच जास्त महाग पडतं. पावणेबाराशे म्हणजे अकराशे पंच्याहत्तर, भाच्याच्या हिशेबाने बाराशे पंच्याहत्तर. केळीच्या क्विंटलच्या भावात हा शंभर रुपयांचा फरक आहे, आणि एका गाडीत काही पाच-दहा क्विंटल माल नसतो.

आप्पांनी पावणेसोळा म्हणू नये असं मी कधीच म्हणणार नाही. तो त्यांचा शब्द आहे, आमच्या शेठचाही आहे, बाजार त्यावरच चालतो. बदलायचं होतं ते ऐकणाऱ्याचं उत्तर. त्यांनी 'पावणेसोळा' म्हटलं की आपण 'पंधरा रुपये पंच्याहत्तर पैसे' असं म्हणायचं. भाच्याने तसं केलं असतं तर त्याच्या तोंडून 'सोळा रुपये पंच्याहत्तर पैसे' निघाले असते आणि आप्पांनी तिथल्या तिथे अडवलं असतं. त्याने 'पावणेसोळा' च परत म्हटलं. दोघांच्या तोंडी एक शब्द होता आणि डोक्यात दोन आकडे.

दराची आणखी एक तपासणी आहे आणि ती मला सगळ्यांत भरवशाची वाटते : एकूण रक्कम. तीन हजार रोपं, पंधरा पंच्याहत्तरने, सत्तेचाळीस हजार दोनशे पन्नास. फोन ठेवायच्या आधी हे वाक्य बोलायचं. शेतकऱ्याने पैशांची जुळवाजुळव एकूण रकमेवर केलेली असते. रुपयाचा फरक कानाला जाणवत नाही, तीन हजारांचा जाणवतो. शिवाय रोपांची संख्याही त्यातच तपासली जाते.

तारखेच्या चुकीने मला जास्त विचार करायला लावला, कारण ती नशिबाने झाकली गेली होती. त्या आठवड्यात गुरुवार आणि पाच तारीख एकाच दिवशी होती. 'गुरुवारी पाचला' मध्ये आप्पांनी वार आणि तारीख सांगितली. भाच्याने वार आणि वेळ ऐकली. मराठीत 'पाचला' दोन्ही असतं. तारीख एकवीस असती तर प्रश्न नव्हता, एकवीस वाजत नाहीत. एक ते बारा या तारखांनाच हा धोका आहे, आणि मृगाची बरीच लागवड नेमकी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येते. मी नंतर विचार केला, भाच्याने 'गुरुवारीच ना?' असं विचारलं असतं तरी उत्तर 'हो' आलं असतं. दिवस बरोबरच होता. चूक वेळेच्या जागी होती, आणि वेळ आप्पांनी सांगितलीच नव्हती. लागवडीची गाडी सकाळीच यायची असते, हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

म्हणून तारखेचं वाक्य आम्ही पूर्णच बोलतो : "गुरुवार, जून महिन्याची पाच तारीख, सकाळी सात वाजता गाडी शेतावर." वार आणि तारीख दोन्ही म्हटली की कॅलेंडर आपोआप साक्षीदार होतं. दोन्ही जुळली नाहीत तर कुणीतरी चुकलं आहे हे लगेच कळतं. महिना नावाने म्हणायचा, आकड्याने नाही. 'पाच सहा' म्हटलं तर पाच जून, की पाच-सहा तारखेच्या सुमारास? आपल्याकडे 'पाच-सहा दिवसांत' असंही म्हणतातच. आणि 'परवा' हा शब्द बुकिंगच्या वहीत येऊच द्यायचा नाही. तो मागेही जातो आणि पुढेही. 'आप्पा, पैसे परवा टाकेल शेत' यात टाकले आहेत हे क्रियापदावरून तरी कळतं. नुसतं 'पैसे परवाचे' म्हटलं की काहीच कळत नाही.

खान्देशात सणावरून तारीख सांगायची रीत आहे आणि ती मला आवडते. 'आखाजीच्या आदल्या दिवशी' असं म्हटलं की घरातल्या प्रत्येकाला दिवस कळतो. पण अक्षय्य तृतीया २०२४ मध्ये १० मे रोजी होती आणि २०२५ मध्ये ३० एप्रिलला. लिहिणाऱ्याने मागच्या वर्षीच्या आठवणीवर भिस्त ठेवली तर दहा दिवसांनी चुकेल. सण ऐकून घ्यायचा, कालनिर्णय बघायचा आणि तारीख बोलून परत द्यायची.

कॉल ऐकून झाल्यावर आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग भाच्याला म्हणाले, "तू तर बराबरच बोलेल शे रे." तेच तर झालं होतं. त्याने त्यांचेच शब्द तसेच परत दिले होते. विहिरीत हाक मारली की आपलाच आवाज येतो, त्यावरून आत कुणी आहे की नाही ते कळत नाही. आमच्या शेजारी भुसावळचे एक निवृत्त स्टेशनमास्तर राहतात. गाडी सोडण्यापूर्वी दोन स्टेशनांचे मास्तर फोनवर एकमेकांना प्रायव्हेट नंबर देतात आणि तो रजिस्टरमध्ये लिहितात, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. ते म्हणाले, "कानावर ठेवायचं नाही, कागदावर घ्यायचं आणि कागदावरचं वाचायचं." हा फरक मी भाच्याला दाखवला. त्याने कानावर पडलेलं परत म्हटलं होतं. वहीत लिहिलेलं वाचलं असतं तर 'दोन, सात, सात, नऊ' असे चार सुटे आकडे बाहेर आले असते आणि आप्पांनी पहिल्याच आकड्यावर टोकलं असतं.

दुरुस्ती करण्याचीही एक पद्धत लागते, ती आम्हाला पुढच्या काही फोनवर समजली. ग्राहक म्हणतो, "नाही, नाही, सात." कुठला सात? तिसरा की पाचवा? लिहिणारा अंदाजाने एक आकडा खोडतो आणि बरोबर असलेला बिघडवतो. म्हणून एक आकडा दुरुस्त करायचा नाही, तो ज्या पाचात आहे ते पाचही पुन्हा घ्यायचे, आणि जुने खोडून खाली नवीन लिहायचे. आमच्या बुकिंगच्या स्लिपवर आता नंबरासाठी दहा चौकटी आहेत, पाचव्या चौकटीनंतर जाड रेघ. दराला रुपये आणि पैसे वेगळे रकाने. तारखेत वार, दिवस, महिन्याचं नाव आणि वेळ.

तुम्ही म्हणाल, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनच का मागत नाही? मागतो. पण निम्मे फोन शेतातून येतात, हात मातीचे असतात, आणि बरेच आप्पा, नाना मेसेज पाठवायला घरातल्या पोराची वाट बघतात. त्या पोराच्या बोटांकडूनही चूक होते. आम्ही स्लिपचा फोटो पाठवतो आणि तरीही तोंडी वाचून घेतो. नंबर फोन करणाऱ्याचा स्वतःचा नसेल तर कॉल चालू असतानाच दुसऱ्या फोनवरून त्या नंबरवर एक मिस्ड कॉल देतो. तो जवळच वाजला तर आप्पा सांगतात. पण मोबाइल घरी चार्जिंगला आणि माणूस शेतात असेल तर ही तपासणी संध्याकाळपर्यंत राहते, तोवर स्लिपवर नंबरापुढे प्रश्नचिन्ह असतं.

२२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, आप्पांचा पुन्हा फोन आला. कांदेबागेसाठी, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या केळी लागवडीसाठी, शेजाऱ्याची रोपं. फोन भाच्यानेच घेतला. मी समोर बसले होते आणि मध्ये बोलायचं नाही असं ठरवलं होतं.

"पंधराशे रोपं, सव्वासोळा," आप्पा म्हणाले.

"एक हजार पाचशे रोपं, सोळा रुपये पंचवीस पैसे. एकूण चोवीस हजार तीनशे पंच्याहत्तर."

पलीकडे आप्पांनी शेजाऱ्याला रक्कम सांगितल्याचं ऐकू आलं. मग, "हां. गाडी दसराना दुसरा दिन."

भाच्याने कालनिर्णय उघडलं. "दसरा दोन ऑक्टोबर, गुरुवार. म्हणजे शुक्रवार, ऑक्टोबरची तीन तारीख. किती वाजता, आप्पा?"

"सकायले."

"सकाळी सात?"

"आठ."

भाचा थांबला. "आठ, एट?"

"एट," आप्पा म्हणाले, आणि न विचारता शेजाऱ्याचा नंबर एकेक आकड्याने सांगू लागले. पाच झाल्यावर ते थांबले. भाचा चौकट भरत होता, त्याला 'हं' म्हणायला उशीर झाला, तर तेच म्हणाले, "लिखं का?"